कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला कॅम्पससाठी पत्र लिहितेय, जरा डोळ्याखालून घाला

प्रेसशॉपवाली
नमस्कार मंडळी. चाकणला आमचं प्रेस पार्ट्सचं युनिट आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग काढतो. एचआर म्हणजे मी आणि एक असिस्टंट, बस. 2027 ला पास होणारी आठ मेकॅनिकलची मुलं हवी आहेत. पाच प्रॉडक्शनला, तीन क्वालिटीला. पुण्यातल्या तीन कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलला या आठवड्यात पत्र पाठवायचंय. पत्र इंग्रजीतच जाईल, इथे मजकूर मराठीत देते:

"आमच्या कंपनीत ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी या पदासाठी आपल्या कॉलेजात कॅम्पस ड्राइव्ह घ्यायची इच्छा आहे. शाखा मेकॅनिकल. पात्रता: 10वी, 12वी व डिग्री सर्वत्र किमान 60 टक्के, एकही बॅकलॉग नसावा, शिक्षणात खंड नसावा. फक्त मुलगे, शिफ्ट ड्युटी. पॅकेज 3.9 लाख. दोन वर्षांचा बाँड. तारीख 16 सप्टेंबर. कृपया सहकार्य करावे."

गेल्या वर्षी हेच पत्र एका कॉलेजला पाठवलं होतं. टेस्टला बारा जण आले, पाचांना ऑफर दिली, दोन रुजू झाले. एमडी म्हणतात कॉलेज चुकीचं निवडलं. मला वाटतं पत्रातच काहीतरी खोट आहे, पण नेमकी कुठे ते कळत नाही.

कोडवाला_हिंजवडी
पत्र छान आहे की. आमच्याकडेही सगळीकडे 60 आणि झिरो बॅकलॉगच असतं. इंडस्ट्री स्टँडर्ड आहे ते. उलट 65 करा, चाळणी जितकी बारीक तितका माल चांगला. बारा जण आले कारण मेकॅनिकलची पोरंही आता आमच्याकडे येतात.

सिंहगडरोडकर
माझा मुलगा मेकॅनिकलला शेवटच्या वर्षाला आहे. 10वी 92, 12वी 71. फॉर्म कुठे भरायचा? लिंक मिळेल का?

निवृत्त_टीपीओ
सिंहगडरोडकर, ही भरतीची जाहिरात नाही हो, ताई पत्राबद्दल विचारताहेत. मुलाने स्वतःच्या कॉलेजच्या सेलमध्ये नाव नोंदवलंय की नाही ते आधी बघा. निम्म्या पालकांना ते माहीत नसतं.

ताई, एकवीस वर्षं टीपीओच्या, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या, खुर्चीत होतो, म्हणून जरा लांबण लावतो. तुमचे बारा कसे झाले ते सांगतो. माझ्या जुन्या वहीतला एका वर्षाचा एक वर्ग घ्या, 60 मुलं. त्यातली 22 डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यांनी 12वी केलेलीच नाही. पत्रात "10वी, 12वी, डिग्री" असं असलं की आमचा क्लार्क सॉफ्टवेअरमध्ये तेच तीन रकाने टाकायचा आणि ही 22 मुलं तिथेच गळायची, कुणी मुद्दाम न गाळता. राहिली 38. खंड नको म्हटल्यावर पाच गेली, कुणी सीईटीसाठी वर्ष घातलेलं, कुणाच्या घरी आजारपण. राहिली 33. "एकही बॅकलॉग नसावा" याचा अर्थ आमचा क्लार्क असा लावायचा की कधीच नसावा. पहिल्या वर्षी मॅथ्समध्ये अडकून पुढच्याच परीक्षेत सुटलेली बारा त्यात गेली. राहिली 21. त्यातली नऊ आधीच कुठेतरी लागलेली किंवा एमएसच्या तयारीत. उरली बारा. तुमचा आकडा हाच निघाला हा योगायोग, पण वाट हीच.

आता गळलेल्यांकडे बघा. प्रेस शॉपमध्ये डिप्लोमावाला पहिल्या दिवसापासून साच्याचा डाय आणि पत्र्याच्या कडेवरची बर यात फरक ओळखतो. तुम्हाला हवा तोच मुलगा तुमच्या पत्राने दाराबाहेर ठेवलाय.

डिप्लोमावाला
काकांनी माझंच सांगितलं. मी डिप्लोमाला 81 टक्के, डिग्रीला 7.9. शेवटच्या वर्षाला चार कंपन्यांच्या लिस्टमध्ये माझं नावच नव्हतं. दोन ठिकाणी सरांनी फोन करून घुसवलं, दोन तशाच गेल्या. "किंवा डिप्लोमा" एवढे दोन शब्द लिहायला काय लागतं? आता मी भोसरीला टूलरूममध्ये आहे, गंमत म्हणजे त्या चारातल्याच एका कंपनीचे डाय आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

प्रेसशॉपवाली
अरे देवा. गेल्या वर्षी ज्या दोघांनी जॉइन केलं त्यातल्या एकाला पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजायला शिकवण्यात आमचा सुपरवायझर पंधरा दिवस अडकला होता.

मग 60 टक्केच काढून टाकू का?

निवृत्त_टीपीओ
सरसकट काढू नका, पण कुठे लावायचं ते बघा. 2027 ची बॅच म्हणजे 10वी 2021 ची. आठवतंय का ते वर्ष? कोविडमुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही, शाळांनी मूल्यमापन केलं आणि राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. डिप्लोमाने आलेल्या मुलांचीही 10वी त्याच वर्षाची. मग या बॅचला 10वीचे 60 टक्के लावून तुम्ही नेमकं काय चाळताय? सिंहगडरोडकरांच्या मुलाचे 92 आणि 71 बघा, तेवढ्यात सगळं आलं. राग मानू नका साहेब, मुलाचा दोष नाही त्यात.

चाळणी लावायचीच तर डिग्रीच्या सीजीपीएवर लावा आणि कितव्या सेमिस्टरपर्यंतचा ते लिहा. ऑगस्टमध्ये सहाव्या सेमिस्टरचा निकाल काही कॉलेजांत लागलेला असतो, काहींत रीव्हॅल्युएशनमध्ये अडकलेला. "पाचव्या सेमिस्टरपर्यंत 6.5" असं लिहिलं की सगळ्यांना एकच माप. सीजीपीएचे टक्के स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. विद्यापीठाचं सूत्र वेगळं, स्वायत्त कॉलेजांचं वेगळं. कॉलेज जे लिहून देईल ते मान्य, असं म्हणा.

बॅकलॉगबद्दल दोन वाक्यं लागतात. ड्राइव्हच्या दिवशी चालू बॅकलॉग किती चालेल हे एक, आणि जॉइन होताना सगळं सुटलेलं हवं हे दुसरं. पूर्वी होता आणि सुटला, त्याबद्दल काही हरकत नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर आमच्यासारखा क्लार्क पुन्हा तेच करेल.

त्याच 60 च्या वर्गाला हे नियम लावून बघितले. 6.5 खाली 11 गेले, राहिले 49. एकापेक्षा जास्त चालू बॅकलॉगवाले सहा, राहिले 43. आधी लागलेले किंवा इच्छा नसलेले 15. टेस्टला 28 बसतात. लागलेले नऊचे पंधरा झाले, कारण यादीच मोठी झाली.

कोडवाला_हिंजवडी
28 जणांची टेस्ट, इंटरव्ह्यू, वेळ कुणाला आहे? आमच्याकडे हजारात येतात म्हणून चाळणी लागते हे मान्य, पण 28 मधले वीस कचरा निघाले तर?

निवृत्त_टीपीओ
तुमच्याकडे हजार येतात म्हणून कागदावर चाळणं बरोबर आहे, ते मी नाही म्हणत नाही. यांच्याकडे 28 येतात. 45 मिनिटांची टेस्ट ठेवा: ड्रॉइंग वाचन, टॉलरन्स, थोडं शॉप मॅथ्स. दुपारपर्यंत 28 चे 14 होतात. इंटरव्ह्यूला दोन पॅनल असली की संध्याकाळी पाचला तुम्ही चाकणच्या वाटेवर.

कर्वेनगरची_सई
मी शेवटच्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. "फक्त मुलगे" वाचून थांबलेच. आमच्या वर्गात नऊ मुली आहेत. क्वालिटीच्या तीन जागांनाही मुलगेच का? सीएमएमचं मोजमाप यंत्र चालवायला मिशी लागते का?

वकील_शनिवारपेठ
ती ओळ आजच काढा. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती, आणि 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. तुम्ही ते लेटरहेडवर लिहून सही करून देताय. उद्या कुणी तक्रार केली तर पुरावा शोधायला लांब जायला नको.

बाँडचं आता मीच काढतो, कारण कुणीतरी "बाँड बेकायदेशीर असतो" असं म्हणणारच.

कोडवाला_हिंजवडी
बेकायदेशीरच असतो ना! आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, कोर्टात टिकत नाही, सही करा आणि सोडून जा.

वकील_शनिवारपेठ
बघा, आलाच. अर्धं बरोबर आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नको, असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 मुळे टिकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर वाजवी भरपाई द्यायची, ही अट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची मुदत आणि दोन लाखांची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन परीक्षा घेऊन भरती करावी लागते, तो खर्च कोर्टाने बघितला. तुमच्या प्रेस शॉपला तसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. रक्कम किती, ट्रेनिंगवर खरोखर काय खर्च केला, ते दाखवता आलं पाहिजे. आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवायची कल्पनाही मनात आणू नका.

प्रेसशॉपवाली
मुलींचं खरं सांगू का? प्लांट हेड म्हणतात रात्रपाळीला मुलींची बस आणि सोबत लागेल, ते कोण बघणार. क्वालिटी जनरल शिफ्टला आहे, तिथे काहीच अडचण नाही हे मलाही पटतंय. प्रॉडक्शनवर त्यांच्याशी भांडण बाकी आहे. ओळ मात्र काढते.

बाँड: दोन वर्षं, आधी सोडलं तर 60,000. मार्कशीट आम्ही ठेवत नाही.

कर्वेनगरची_सई
थँक्यू. मग आता पगाराचंही लिहा ना. 3.9 म्हणजे हातात किती? गेल्या महिन्यात एका कंपनीच्या पीपीटीला, म्हणजे ड्राइव्हआधीच्या माहितीसत्राला, आकडा विचारला तर सर म्हणाले "ऑफर लेटरमध्ये कळेल". माझ्या दोन मैत्रिणी तिथूनच उठल्या.

प्रेसशॉपवाली
हिशोब करून टाकते, मीही पहिल्यांदाच असा मांडतेय. 3,90,000 मधले 30,000 एक वर्ष टिकल्यावर मिळतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 9,500. बस आणि कँटीनचे 24,000 आम्ही त्यातच धरतो. उरले साधारण 3,04,900, म्हणजे महिन्याला 25,400. त्यातून त्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 23,400 च्या आसपास.

लिहिताना मलाच कसंतरी झालं. पाचातले तीन का आले नाहीत ते इथेच कळलं बहुतेक. ते 3.9 भागिले बारा करून 32,500 धरून बसले असणार.

निवृत्त_टीपीओ
अगदी तेच. माझ्याकडे मुलं ऑफर लेटर घेऊन यायची आणि म्हणायची, सर फसवलं. कंपनीने फसवलेलं नसायचं, पण शब्द तोच. आणि त्या वर्षी "एक विद्यार्थी एक ऑफर" या नियमाने तो मुलगा दुसऱ्या कंपनीला बसू शकायचा नाही. मग तो जॉइन होत नाही, जागा तुमचीही जाते, त्याचीही. पुढच्या वर्षी टीपीओ तुमच्या पत्राला दोन आठवडे उत्तर देत नाही, ते याच कारणाने. हातातला आकडा पत्रातच लिहा. बस कुठून सुटते तेही लिहा, मुलं पगाराच्या खालोखाल तेच विचारतात.

प्रेसशॉपवाली
बस नाशिक फाट्याहून, भोसरीमार्गे. पहिली शिफ्ट सातला.

तारखेचं काय? 16 सप्टेंबर एमडींनीच दिलीय, ते 15 ला परदेशातून येतात.

डिप्लोमावाला
ताई, 14 सप्टेंबरला गणपती बसतात! 16 ला निम्मं होस्टेल गावाला असेल. आणि तुम्ही चाकणहून निघून मध्य पुण्यात कधी पोचाल ते बाप्पालाच माहीत.

निवृत्त_टीपीओ
25 ला अनंत चतुर्दशी, विसर्जन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं. पुढे सेमिस्टरच्या मधली इनसेम परीक्षा येते. म्हणून 14 च्या आधी उरका किंवा इनसेमनंतर जा. मी असतो तर आधीच, कारण मोठ्या कंपन्या हंगामाच्या सुरुवातीलाच चांगली मुलं उचलतात. एकच तारीख कधी देऊ नये, तीन द्याव्यात आणि टीपीओला निवडू द्यावं. सभागृह, लॅब आणि दुसऱ्या कंपनीचा स्लॉट हे तिघं एका दिवशी जुळवणं हेच त्याचं काम असतं. एमडी नसले तर पॅनल प्लांट हेडचं ठेवा, मुलांना खरे प्रश्न तेच विचारतात.

जॉइनिंगही लिहा. "1 जून" लिहू नका, तोवर कुणाकुणाची परीक्षा चालू असते. जुलै लिहा, आणि निकाल लांबला तर तात्पुरतं पत्र चालेल असं म्हणा.

शेवटचं, मेल कंपनीच्या पत्त्यावरूनच पाठवा. फुकटच्या मेलवरून आलेलं कॅम्पसचं पत्र मी उघडायचोच नाही. मुलांकडून पैसे उकळणारे असेच यायचे.

प्रेसशॉपवाली
नवा मजकूर, वाचा:

"प्रति, प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी. 2027 मध्ये बीई मेकॅनिकल उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या आवारात ड्राइव्ह घेण्याची विनंती.

पदे: ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, प्रॉडक्शन 5 (तिन्ही शिफ्ट), क्वालिटी 3 (जनरल शिफ्ट). कामाचे ठिकाण चाकण, बस नाशिक फाट्याहून.

पात्रता: पाचव्या सेमिस्टरपर्यंत सीजीपीए 6.5 किंवा कॉलेजने प्रमाणित केलेले त्याच्या बरोबरीचे टक्के. 12वी किंवा डिप्लोमा, दोन्ही मार्गांचे विद्यार्थी पात्र, त्या गुणांची वेगळी अट नाही. ड्राइव्हच्या दिवशी जास्तीत जास्त एक चालू बॅकलॉग चालेल, रुजू होताना तो सुटलेला असावा. पूर्वी सुटलेल्या बॅकलॉगला व शिक्षणातील खंडाला हरकत नाही. विद्यार्थी व विद्यार्थिनी दोन्ही पात्र.

वेतन: वार्षिक 3.9 लाख, पैकी 30,000 एक वर्षानंतर. हातात दरमहा सुमारे 23,400. दोन वर्षांची सेवाअट, आधी सोडल्यास 60,000 भरपाई. मूळ प्रमाणपत्रे कंपनी ठेवत नाही.

तारखा: 19 ऑगस्ट, 21 ऑगस्ट किंवा 2 सप्टेंबर यापैकी आपल्या सोयीची. नावांची यादी दोन दिवस आधी. सकाळी 9.30 ला कंपनीची माहिती, 10.30 ला 45 मिनिटांची लेखी परीक्षा, 12 पासून मुलाखती. निकाल त्याच संध्याकाळी टीपीओंकडे. रुजू होणे जुलै 2027. दोन मुलाखतीच्या खोल्या व एक परीक्षा वर्ग लागेल. विद्यार्थ्यांकडून कोणतेही शुल्क नाही. आपला जेएनएफ, म्हणजे नोकरीच्या माहितीचा फॉर्म, पाठवल्यास त्याच दिवशी भरून देऊ."

वकील_शनिवारपेठ
"सेवाअट" ठीक. फक्त 60,000 सरसकट नको, जितके महिने केले तितकी रक्कम कमी होत जाईल असं करा. टिकायला सोपं जातं.

कोडवाला_हिंजवडी
हातातला आकडा लिहिलात तर दुसऱ्या कंपनीच्या 4.5 समोर तुम्ही गरीब दिसाल. मला अजून पटलेलं नाही.

निवृत्त_टीपीओ
दिसतील. पण जे येतील ते जुलैला हजर राहतील. आठातले किती टिकतात ते पुढच्या जुलैमध्ये बघू, तोवर तुमचं म्हणणंही मी खोडत नाही.

प्रेसशॉपवाली
काल पत्रं गेली. एका कॉलेजकडून आजच जेएनएफ आला, 19 तारीख मान्य, मेकॅनिकलसोबत प्रॉडक्शन शाखाही घ्याल का असं विचारलंय. हो म्हटलं. दुसऱ्या कॉलेजने कळवलंय की 4 लाखांखालच्या कंपन्यांना त्यांच्याकडे ऑक्टोबरनंतरच स्लॉट. तिसरं गप्प आहे. भरपाई महिन्यागणिक कमी करायला एमडी तयार झाले, प्रॉडक्शनला मुली यावर प्लांट हेड अजून "बघू" वर आहेत. सई, तुझं कॉलेज पहिल्या यादीत असेल तर नाव नक्की घाल.

कर्वेनगरची_सई
आहे की नाही ते इथे नाही सांगत, पण क्वालिटीला घालतेय.

सिंहगडरोडकर
मुलाने सेलमध्ये नाव नोंदवलं. एक विचारायचं राहिलं, बस धायरीपर्यंत येते का?